घरी किंवा मंदिरात रुद्राभिषेक करताना : एकादशनीची तयारी, साहित्य आणि पठणाचा क्रम

रुद्राभिषेक म्हणजे शिवलिंगावर अखंड धार धरून यजुर्वेदातील रुद्राचे पठण करणे. या एका वाक्यात दोन कामे आहेत आणि ती एकाच वेळी चालावी लागतात: गुरुजींचे म्हणणे थांबता कामा नये आणि पिंडीवरची धारही तुटता कामा नये. पठणाची जबाबदारी गुरुजींची असते, धारेची यजमानांची. प्रथमच रुद्र करणाऱ्या घरात पूजेच्या यादीकडे भरपूर लक्ष दिले जाते आणि धारेकडे कोणाचेच लक्ष नसते. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आवर्तनाला अभिषेकपात्र रिकामे होते, ताम्हन भरून पाणी पाटावर येते आणि यजमान मध्येच उठून बादली शोधू लागतात. म्हणून या लेखात घरातील एकादशनी हाच मुख्य विषय धरला आहे.

आवर्तनांची संख्या आधी समजून घ्यावी, कारण वेळ, पाणी आणि दक्षिणा या तिन्ही गोष्टी तिच्यावर ठरतात. रुद्राचे एक पठण आणि त्यानंतर चमक, म्हणजे ‘च मे’ हे शब्द वारंवार येणारा यजुर्वेदातीलच पुढचा भाग, म्हटले की साधा रुद्राभिषेक होतो. रुद्राची अकरा आवर्तने केली आणि प्रत्येक आवर्तनानंतर चमकाचा एकेक अनुवाक, म्हणजे एकेक खंड, म्हटला की एकादशनी होते, म्हणजे अकरा वेळा रुद्र आणि त्यात विभागून एकदा पूर्ण चमक. अशा अकरा एकादशनी म्हणजे लघुरुद्र, अर्थात १२१ आवर्तने. अकरा लघुरुद्रांचा एक महारुद्र, म्हणजे १३३१. लघुरुद्राला किती तास लागतील, असे अनेक जण धास्तीने विचारतात. तो बहुधा अकरा गुरुजी मिळून करतात आणि प्रत्येक जण अकरा आवर्तने म्हणतो, त्यामुळे त्याला लागणारा वेळ जवळपास एका गुरुजींच्या एकादशनीइतकाच असतो. वाढते ती माणसांची, आसनांची आणि जेवणाच्या पानांची संख्या. पहिल्यांदा करणाऱ्या कुटुंबाने एकादशनीच करावी, असे माझे मत आहे.

गुरुजींशी आधी काय बोलावे

तारीख ठरविण्यापूर्वी एक घोळ टाळावा. आपल्याकडचा श्रावण आषाढी अमावास्येनंतर सुरू होतो, तर उत्तर भारतातील पंचांगांत तो साधारण पंधरा दिवस आधी लागतो. मोबाईलवर आलेली ‘पहिला श्रावणी सोमवार’ ही तारीख अनेकदा तिकडची असते. भिंतीवरच्या मराठी पंचांगातील तारीखच गुरुजींना सांगावी. श्रावणी सोमवार, प्रदोष आणि महाशिवरात्र या दिवशी गुरुजींची वेळ मिळणे कठीण असते, म्हणून महिनाभर आधी विचारणे बरे. इतर दिवशी एखादी विशेष कामना धरून अभिषेक करायचा असेल, तर काही गुरुजी पंचांगातील शिववास, म्हणजे त्या तिथीला शिवाचे वास्तव्य कोठे मानतात ते, पाहून दिवस सुचवितात.

पुढचा प्रश्न शाखेचा. मराठवाड्यात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची घराणी पुष्कळ आहेत आणि ऋग्वेदीही आहेत. माध्यंदिन परंपरेतील गुरुजी रुद्राष्टाध्यायी म्हणतात. तिच्या पाचव्या अध्यायात रुद्राचे ६६ मंत्र येतात आणि आठव्या अध्यायात चमक. ऋग्वेदी गुरुजी सहसा कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेतील रुद्र म्हणतात, ज्यात नमकाचे, म्हणजे मुख्य रुद्राचे, अकरा आणि चमकाचे अकरा अनुवाक असतात. दोन्हींचा आरंभ ‘नमस्ते रुद्र मन्यव’ असाच असला, तरी पुढे पाठात फरक पडतो. घरातील कोणी पुस्तक घेऊन सोबत बसणार असेल, तर गुरुजींच्या शाखेचेच पुस्तक आणावे. नाहीतर दुसऱ्या पानावरच चुकल्यासारखे वाटते आणि चूक कोणाचीच नसते.

संकल्पासाठी गुरुजींना काही माहिती लागते आणि ती आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावी: यजमान व त्यांच्या पत्नीचे नाव, गोत्र, जन्मनक्षत्र किंवा रास, मुलांची नावे, कुलदेवता, आणि अभिषेक कशासाठी करायचा आहे ते एका वाक्यात. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्राचा उच्चार करण्याची रीत आहे, त्यासाठी संकोच करू नये. विशेष कारण नसेल तर कुटुंबाच्या क्षेम, स्थैर्य, आयुरारोग्य आणि ऐश्वर्यासाठी असा नेहमीचा संकल्प पुरतो. घरात किंवा भाऊबंदांत सुतक अथवा सोयर असेल, तर ते साहित्य आणण्यापूर्वीच सांगावे. ऐनवेळी सांगितले तर दिवस बदलण्यावाचून मार्ग राहत नाही.

संकल्पात स्थळाचाही उच्चार होतो आणि मराठवाड्यात तेथे एक खास खबरदारी घ्यावी लागते. ‘दंडकारण्ये देशे’ असे म्हटल्यावर आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर आहोत ते सांगावे लागते, आणि आपला प्रदेश गोदावरीने दोन भागांत वाटला आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली आणि नांदेड ही शहरे उत्तर तीराला येतात, तर बीड, लातूर आणि धाराशिव दक्षिण तीराला. संकल्प जेथे अभिषेक होतो त्या जागेचा असतो, मूळ गावाचा नसतो. परभणीचे गुरुजी लातूरला आले, तर सवयीने ‘उत्तरे तीरे’ म्हणून जाऊ शकतात. यजमानांनी बोलण्याच्या ओघात जागेचा उल्लेख केला, की गुरुजी तेवढे सांभाळून घेतात.

दक्षिणा आणि शिधा यांविषयीही याच वेळी बोलून घ्यावे. किती गुरुजी येणार, ते साहित्य सोबत आणणार की यजमानांनी आणायचे, जेवण घेणार की शिधा नेणार, एवढे ठरले म्हणजे त्या दिवशी अवघडलेपण राहत नाही.

साहित्य, आणि त्यातल्या अडचणी

हळद, कुंकू, अष्टगंध, भस्म, अक्षता, कापसाची वस्त्रे, जानवे, विड्याची पाने, सुपाऱ्या, खारका, बदाम, नारळ, उदबत्ती, कापूर, फुलवाती, समई, निरांजन, पळी-पंचपात्र, ताम्हने आणि कलशासाठी तांब्या हे साहित्य कोणत्याही पूजेच्या दुकानात यादी दिली की मिळते. हळद-कुंकू गणपती आणि कलशाच्या पूजेसाठी असते. पिंडीला गंध आणि भस्म लावतात, हळद वाहत नाहीत. केवडाही शंकराला वर्ज्य आहे. पांढरी फुले, धोत्रा आणि रुई चालतात. पूजेत शंखाची पूजा होते, परंतु शंखातील पाणी पिंडीवर घालत नाहीत.

बेलाबाबत थोडे आधीपासून पाहावे लागते. सोमवार, चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी आणि अमावास्या या दिवशी बेल तोडू नये असा संकेत आहे, आणि अभिषेक नेमका सोमवारीच असतो. म्हणून बेल रविवारी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. बेल शिळा मानला जात नाही, त्यामुळे त्याला बाध येत नाही. पाने तीन दळांची आणि न फाटलेली निवडावीत, धुवावीत आणि वाहताना गुळगुळीत बाजू पिंडीला टेकेल अशी पालथी ठेवावीत. एकादशनीला शंभर-सव्वाशे पाने पुरतात. बाजारातील जुडीत निम्मी पाने फाटलेली निघतात, हे धरूनच खरेदी करावी.

पंचामृतासाठी दूध, दही, तूप, मध आणि साखर ही पाचही वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावीत, कारण स्नान एकेकाने घालायचे असते. घरच्या लहान पिंडीला दूध अर्धा लिटर, दही एक वाटी, तूप व मध प्रत्येकी दोन-तीन चमचे आणि साखर अर्धी वाटी एवढे भरपूर होते. दूध-दही तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. शास्त्राने ते वर्ज्य सांगितले आहे आणि दह्याचा आंबटपणा तांब्याला लागून हिरवट कळकही येतो. चांदीच्या किंवा स्टीलच्या वाट्या वापराव्यात. तांबे पाण्याच्या धारेसाठी ठेवावे.

पिंड कोणती आहे, हेही गुरुजींना सांगावे. नर्मदेतील दगडाचे बाणलिंग, दगडी, पितळी किंवा चांदीची पिंड असेल तर अडचण नाही. मातीचे पार्थिव लिंग केले असेल तर त्याच्यावर तीन तास धार धरता येत नाही, ते विरघळते. तेव्हा पार्थिवाची पूजा वेगळी ठेवून धार बाणलिंगावर धरतात.

धार, आणि पाण्याचा हिशेब

धार अभिषेकपात्रातून धरतात. हे तांब्याचे पात्र असते, त्याच्या तळाला बारीक छिद्र असते आणि ते तिवईवर ठेवतात किंवा साखळीने टांगतात; आपल्याकडे त्याला गळतीही म्हणतात. नवे पात्र आणल्यावर थेट पूजेत वापरू नये. अनेक पात्रांचे छिद्र मोठे असते आणि लिटरभर पाणी तीन-चार मिनिटांत ओतून मोकळे होते. छिद्रात दर्भाची काडी किंवा पिळलेल्या सुताचा तुकडा ओवला की धार बारीक होते. ती सुतासारखी सलग हवी, थेंबथेंब नको. शिवाय मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यामुळे वर्षभर ठेवलेल्या पात्राच्या छिद्रात पांढरा थर साचतो आणि ऐन अभिषेकात धार अडते. आदल्या दिवशी लिंबाने किंवा चिंचेने छिद्र साफ करून पाणी सोडून पाहावे.

लातूरमधील तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून हिशेब करून पाहू. श्रावणी सोमवार आहे, एक गुरुजी एकादशनी म्हणणार आहेत, आणि रुद्र व चमकाचा अनुवाक मिळून त्यांना प्रत्येक आवर्तनाला साधारण चौदा मिनिटे लागतात. अकरा आवर्तनांची ही १५४ मिनिटे झाली, म्हणजे अडीच तासांहून थोडी अधिक. यजमानांनी आदल्या संध्याकाळी अभिषेकपात्रात मोजून एक लिटर पाणी घातले, तेव्हा ते नऊ मिनिटांत संपले. त्या वेगाने अकरा आवर्तनांना सुमारे १७ लिटर पाणी लागेल. छिद्रात सूत ओवल्यावर तेच लिटरभर पाणी चौदा मिनिटे पुरले, म्हणजे एका आवर्तनाला एक लिटर, आणि सगळे मिळून ११ लिटर. पंचामृतानंतरच्या स्नानांसाठी आणि हात धुण्यासाठी तीन-चार लिटर वेगळे धरले, तर पंधरा लिटर शुद्ध पाणी झाकून ठेवले की पुरे. टँकरच्या दिवसांत हा फरक लहान नसतो.

जितके पाणी वरून येते तितकेच खाली साचते, हे विसरले जाते. पिंड ज्या ताम्हनात ठेवतात त्यात पिंडीसकट जेमतेम दीड-दोन लिटर मावते. या घरात प्रत्येक आवर्तनाला एक लिटर पाणी साचणार, म्हणून प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते काढून घेणे सोयीचे. ताम्हन उचलायचे नाही, पिंड हलवायची नाही. लहान वाटीने पाणी उपसून शेजारच्या बादलीत घालायचे. हे काम यजमानांकडे देऊ नये. घरातील एक माणूस सोवळ्यात किंवा धुतलेल्या वस्त्रात फक्त पाण्यासाठी ठेवावा, तोच अभिषेकपात्रात पाणी घालील आणि तोच खालचे पाणी काढील.

ही वेळ त्याने कशी ओळखावी? पठण ऐकूनच ती ओळखता येते. रुद्रात ‘नमः’ हा शब्द सतत येत राहतो. आवर्तन निम्म्याहून पुढे गेले की ‘नमः शिवाय च शिवतराय च’ हे शब्द ऐकू येतात, आणि तेव्हा अभिषेकपात्रात डोकावून पाहावे. पुढे ‘च मे, च मे’ असा ठेका सुरू झाला की चमकाचा अनुवाक चालू आहे. तेवढ्या वेळात पात्र भरून घ्यावे आणि ताम्हनातील पाणी काढावे. पात्र पूर्ण रिकामे होण्याची वाट पाहिली तर धार तुटते, म्हणून तळाशी चार बोटे पाणी असतानाच वरून घालायचे.

त्या दिवशीचा क्रम

पिंड चौरंगावरील ताम्हनात अशी ठेवावी की शाळुंकेचे तोंड उत्तरेकडे येईल. यजमान पूर्वेकडे तोंड करून बसले तर ते तोंड त्यांच्या डाव्या हाताला येते, आणि बादलीही त्याच बाजूला ठेवावी. पत्नी यजमानांच्या उजव्या हाताला बसते.

आरंभी आचमन, प्राणायाम आणि देवतावंदन होते. मग हातात पाणी घेऊन देशकालाचा उच्चार आणि संकल्प. वर लिहून ठेवलेला कागद येथे लागतो. त्यानंतर गणपतीचे पूजन, आणि कलश, शंख, घंटा व दीप यांची पूजा. मग न्यास होतो, म्हणजे गुरुजी मंत्र म्हणत शरीराच्या अवयवांना स्पर्श करतात. न्यास लघु करायचा की विस्तृत, हे ते वेळ पाहून ठरवितात.

यानंतर पिंडीची पूजा सुरू होते. ध्यान, आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन आणि स्नान झाले की पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर या क्रमाने एकेक घालायचे आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाण्याने पिंड धुवायची. थंडीच्या दिवसांत तूप दगडावर गोठून चिकटते, म्हणून तुपानंतरचे पाणी कोमट ठेवावे. मध आणि साखर यांचा चिकटपणा राहिला तर पुढे धार पिंडीवरून सरळ उतरत नाही, एका बाजूने वळते. तसे दिसले की बोटांनी हलकेच चोळून धुवावे. मग गंध, फूल, धूप, दीप आणि पंचामृताचा नैवेद्य एवढी छोटी पूर्वपूजा होते. गुरुजी ‘उत्तरे निर्माल्यं विसृज्य’ म्हणतात तेव्हा वाहिलेली फुले उत्तरेकडे काढून ठेवायची. नवीन माणसाला येथे पूजा संपली असे वाटते. खरा अभिषेक आता सुरू होतो.

अभिषेकपात्र पिंडीच्या बरोबर वर आणून धार सुरू करावी आणि ती नीट बसली की गुरुजी रुद्र म्हणायला आरंभ करतात. पहिले आवर्तन, मग चमकाचा पहिला अनुवाक, दुसरे आवर्तन, मग दुसरा अनुवाक, असे अकरापर्यंत. माध्यंदिन पद्धतीत रुद्राष्टाध्यायीचे सुरुवातीचे अध्याय एकदा म्हणून घेतात, मग पाचव्या अध्यायाची आवर्तने होतात आणि आठव्या अध्यायाचे भाग त्यांमध्ये विभागून येतात. शेवटी शांत्यध्याय म्हणतात. आवर्तने मोजण्यासाठी ताम्हनाशेजारी अकरा सुपाऱ्या ठेवून एकेक बाजूला करण्याची रीत सोपी आहे. तैत्तिरीय पाठात चमकाचा शेवटचा अनुवाक ‘एका च मे तिस्रश्च मे’ असा सुरू होतो. हे शब्द आले म्हणजे अकरावे आवर्तन झाले, आणि स्वयंपाकघरात नैवेद्याचे ताट वाढायला घ्यावे.

दुधाची धार किती वेळ धरावी, हे घरोघरी वेगळे असते. सगळी आवर्तने दुधाने करण्याचा आग्रह माझ्या मते धरू नये. उन्हाळ्यात तीन तास उघडे राहिलेले दूध नासते, छिद्रात साय अडकते आणि धार बंद पडते. पहिल्या आवर्तनाला चांदीच्या किंवा स्टीलच्या पात्रातून गाळलेले, पाणी मिसळलेले दूध आणि पुढे तांब्याच्या पात्रातून पाणी, हे निभते.

पठण चालू असताना यजमानांनी मंत्र म्हणण्याची गरज नसते. स्वरांसह रुद्र शिकलेला नसेल तर ऐकावे किंवा मनात ‘नमः शिवाय’ म्हणावे. गुरुजींशी बोलणे, फोटोसाठी त्यांना थांबविणे आणि मध्येच दर्शनाला आलेल्यांनी पिंडीवर तांब्या ओतणे या तीन गोष्टी मात्र टाळाव्यात. आलेल्यांना बेल वाहायला सांगावे, तेही चमकाच्या वेळी.

अभिषेकानंतर पिंड पुसून वस्त्र, जानवे, गंध, भस्म, अक्षता, बेल आणि फुले वाहतात. धूप, दीप, महानैवेद्य, विडा, दक्षिणा, आरती आणि मंत्रपुष्प होते. प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. शाळुंकेच्या तोंडापर्यंत जाऊन तेथून परत फिरतात, ते ओलांडत नाहीत. शेवटी क्षमाप्रार्थना आणि केलेले कर्म ईश्वरार्पण करण्याचे पाणी सोडणे.

मंदिरात करायचा असेल तर

गावच्या महादेवाच्या देवळात पूजेचा मान बहुधा गुरवांकडे असतो, काही ठिकाणी जंगम स्वामींकडे. गुरुजी आपण नेणार असलो तरी आधी त्यांना विचारावे: कोणत्या वेळी गाभारा मोकळा असतो, पाणी कोठून आणायचे आणि पंचामृत चालते का. काही देवस्थानांनी लिंगाची झीज टाळण्यासाठी पंचामृतावर बंधने घातली आहेत. तेथे पाण्याचाच अभिषेक होतो आणि एकादशनी गाभाऱ्याबाहेर सभामंडपात बसून म्हणावी लागते.

जागेचाही विचार करावा. वेरूळच्या घृष्णेश्वराला पुरुषांना गाभाऱ्यात जाताना अंगातील सदरा काढावा लागतो, म्हणून उपरणे सोबत न्यावे. औंढा नागनाथाचे लिंग तळघरात आहे, वाट अरुंद आणि छत ठेंगणे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना तेथे तीन तास बसवणे शक्य नाही. परळी वैजनाथाला गाभारा आणि सभामंडप एकाच पातळीवर असल्याने वृद्धांना सोपे पडते. श्रावणात या तिन्ही ठिकाणी गर्दीमुळे एकादशनीसाठी सलग वेळ मिळणे दुर्मीळच. तेथे एक आवर्तन करून एकादशनी घरी करावी.

झाल्यानंतर

बादलीतील पाणी कोणाच्या पायाखाली येईल तेथे टाकू नये, झाडांना घालावे. पंचामृताचे पाणी मात्र वेगळे काढून मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ओतावे, कारण साखर आणि तुपामुळे कुंड्यांत मुंग्या होतात आणि माती सडते. पिंडीवरून उतरलेले तीर्थ आणि पिंडीवर ठेवलेला पदार्थ घ्यावा की नाही, याविषयी घराण्यांत मतभेद आहेत. बाणलिंग आणि ज्योतिर्लिंगांना हा निषेध नाही असे बहुतेक गुरुजी सांगतात. पिंडीसमोर ताटात ठेवलेला नैवेद्य सगळेच घेतात. अभिषेकपात्रातील सूत काढून टाकावे, छिद्रातून स्वच्छ पाणी सोडावे आणि पात्र पालथे घालून पूर्ण कोरडे झाल्यावरच ठेवावे.